पप्पा कथा वाचून गप्प झाले, आता छापू का नको?

"ताई, मी जळगावला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पा एमआयडीसीतल्या एका कंपनीत नाइटचे वॉचमन आहेत, रात्री ८ ते सकाळी ८. त्यांच्यावर मी कथा लिहिली, दिवसा झोपणारा वॉचमन आणि त्याला कधीच न मिळणाऱ्या घरच्या संध्याकाळी. सरांना आवडली, कॉलेजच्या अंकात घेतायत. पप्पांनी वाचली, घडी घालून कपाटावर ठेवली आणि डबा घेऊन ड्युटीला गेले. तेव्हापासून त्यावर एक शब्द नाही. कथा सोबत पाठवतेय. छापू का नको?"

बेटा, अजून देऊ नको, आधी पप्पांशी बोल. कथा मनापासून लिहिलीय ते वाचताना कळतं, पण त्यात तू एका ठिकाणी लिहिलंस की "बाबा आमच्या आयुष्यात झोपलेलेच असतात", मला वाटतं त्यांना तिथेच लागलं असणार. दिवसा झोपणाऱ्या माणसाला लोक आळशीच समजतात गं, दुपारी कोणी पाहुणा आला की पहिलं वाक्य "अजून झोपलेच आहेत का", हे ते वर्षानुवर्षं ऐकत असतील आणि आता तेच पोरीच्या अक्षरात वाचलं.

आणि ती झोप तू लिहिलीस तशी गाढ नसते. माझे मोठे दीर जिनिंगला रात्रपाळी करायचे म्हणून मी हे जवळून पाहिलंय. सकाळी सायकलवरून येताना डोळ्यावर ऊन पडलं की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला, आता उठायचं, म्हणजे डोळे जळतायत पण झोप लागत नाही. त्यात पहाटे ३ ते ५ झोप सगळ्यात जास्त येते, तेव्हा जागं राहायला ५ वाजता चहा घेतला तर त्याचा निम्माअर्धा असर १० वाजता पण अंगात असतो. मग कशीतरी झोप लागते, १२ वाजता पत्रे तापतात, मे महिन्यात जळगावात ४४-४५ डिग्री, लाइट गेली की कूलर बंद, कुकरची शिट्टी, भंगारवाला, आणि माणूस उठून बसतो. आठ तास पडून राहिले तरी झोप पाचच तासांची, ती पण तुकड्यातुकड्यात. तुझ्या कथेतला बाबा दहा मिनिटांत घोरायला लागतो, तो बदल.

दुसरं म्हणजे कथेत सगळं तुमच्या बाजूने आहे, ताटावरची रिकामी जागा, आईचं गप्प बसणं, पण ते तिकडे काय करत असतात? तू कंपनीचं गेट लिहिलंच नाहीस. रजिस्टरमध्ये गाडी नंबर लिहिणं, तासातासाला राउंड, डबा किती वाजता उघडतात, ९ वाजता तुमचं जेवण चालू असेल तेव्हा त्यांच्या मनात काय येतं, हे तुला माहीतच नाहीये आणि हेच विचारायचंय. सकाळी आल्या आल्या नको, तेव्हा ते थकलेले असतात, उठल्या उठल्या पण नको. पाचच्या सुमारास तोंड धुऊन चहा घेतला की बस त्यांच्यापाशी. "कथा कशी वाटली" असं विचारशील तर "चांगली आहे" म्हणून मोकळे होतील. त्यापेक्षा "पप्पा यात चुकीचं काय लिहिलंय" असं विचार.

मला स्वतःला तुझ्या कथेत कानबाईचा प्रसंग सगळ्यात आवडला. श्रावणातला तो रविवार, घरात रोट, भाऊबंद जमलेले, बाया गाणी म्हणतायत आणि बाबा ड्युटीवर. पण तू तो दोन ओळींत संपवला आणि मग पुन्हा रडणं सुरू. अगं, वर्षातून ती एकच रात्र अशी की अख्खं घर जागरणाला जागं असतं, म्हणजे बाबांसारखंच, पहाटे ३ ला तुझ्याही डोळ्यात झोप असते! ही तुझी कथा आहे. त्या रात्री मुलगी गच्चीवर जाऊन बाबांना फोन लावते, बाबा राउंडवर आहेत, ती विचारते आता कुठे आहात आणि ते सांगतात, बॉयलरच्या मागे, इथे एक मांजर येतं रोज. सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघते आणि ते ड्युटीवरून थेट तिथे पोहोचतात, युनिफॉर्ममध्येच. बाकीची पानं काढलीस तरी चालतील.

सरांना सांग एक आठवडा द्या, नवीन लिहिते. लिहून झालं की आधी पप्पांना वाचून दाखव, आणि ते नको म्हणाले तर अंकात देऊ नको. नुसतं नाव बदलून भागणार नाही, गल्लीत रात्रपाळीचा वॉचमन एकच असेल तर सगळ्यांना कळणारच.