बॅरल बघू नकोस, फरक कोणाच्या खिशातून जातोय ते बघ

अगं,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगतो, आधी वैताग आला. "क्रूड एवढं पडलं, मी पेंट कंपनीचा शेअर घेतला, रिझल्ट आला आणि शेअर उलटा खाली, म्हणजे हे सगळं सेटिंग असतं ना काका?" सेटिंग नाही गं. तू बॅरलचा भाव बघितलास आणि तिथेच थांबलीस. अंबडला प्लॅस्टिक मोल्डिंगच्या युनिटमध्ये परचेस बघण्यात माझी अख्खी नोकरी गेली, तिथे मी एकच प्रश्न विचारायला शिकलो, भाव हलला तर फरक कोणाच्या खिशातून जातोय आणि कधी. टीव्हीवर हे कोणी विचारत नाही म्हणून तुला आज सगळं लिहून काढतोय.

आधी रुपयाचं बघ. आपण लागणाऱ्या क्रूडपैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो आणि बिल डॉलरमध्ये भरतो. समज क्रूड १०० डॉलर होतं आणि डॉलर ७५ रुपयांना, तर बॅरल पडलं ७,५०० ला. आता क्रूड ९० वर आलं, पण तोवर डॉलर ८५ झाला, तर तेच बॅरल ७,६५० ला पडतं. टीव्ही म्हणणार तेल १० टक्के स्वस्त, आणि रिफायनरी आधीपेक्षा जास्त पैसे मोजतेय. क्रूड चढतं तेव्हा तर दोन्हीकडून मार, कारण तेलासाठी डॉलरची मागणी वाढते आणि त्यानं रुपयावर अजून दाब येतो. त्यामुळे चार्ट बघायचाच असेल तर रुपयातला बघ.

मग पंप. एका बॅरलमध्ये साधारण १५९ लिटर, डॉलर ८५ धरला तर बॅरलमागे १० डॉलर म्हणजे लिटरला सव्वापाच रुपयांच्या आसपास. हा फरक गिऱ्हाईकापर्यंत पोचतोच असं नाही. २०२० मध्ये क्रूड कोसळलं तेव्हा मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं, म्हणजे स्वस्ताई सरकारी तिजोरीत गेली. २०२२ मध्ये उलटं झालं, युक्रेनच्या युद्धानंतर क्रूड मार्चमध्ये काही काळ १३० डॉलरच्या वर गेलं, पंपावरचे भाव मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला साधारण १० रुपये वाढले आणि मग थांबले, मे मध्ये सरकारनं शुल्क कमी केलं, पण तेवढ्यानं भागलं नाही आणि उरलेला फरक तेल विकणाऱ्या कंपन्यांनी सोसला. एप्रिल ते जून या एका तिमाहीत हिंदुस्तान पेट्रोलियमचा तोटा १० हजार कोटींच्या वर गेला. म्हणून "तेल महाग म्हणजे तेल कंपन्यांची चांदी" हे वाक्य परत बोलू नकोस. जमिनीतून तेल काढणारी कंपनी वेगळी आणि पंपावर विकणारी वेगळी, एकीचा भाव वाढतो तेव्हा दुसरीचा खर्च वाढतो.

आता तुझी पेंट कंपनी. रंगातलं सॉल्व्हंट, रेझिन, मोनोमर हे सगळं क्रूडच्या पोटातून येतं, टायटॅनियम डायऑक्साइड मात्र खनिजातून, त्याचा भाव वेगळ्याच कारणांनी हलतो. म्हणजे क्रूड १० टक्के पडलं तर रंगाचा खर्च १० टक्के पडत नाही. आणि मुख्य गोष्ट, गोडाऊनमधला माल जुन्या भावाचा असतो. आधी तो संपणार, मग नवा स्वस्त माल हिशोबात येणार, त्यात एखादी तिमाही सहज जाते. चढत्या भावात हेच उलटं होतं. एशियन पेंट्सचे जुलै ते सप्टेंबर २०२१ चे आकडे काढून बघ, विक्री साधारण एक तृतीयांशानं वाढलेली आणि नफा पाव हिश्शाहून जास्त घटलेला. माल तुफान खपत होता पण कच्चा माल त्याहून जोरात महागला होता आणि डब्यावरची किंमत मागे राहिली होती. पुढच्या महिन्यांत त्यांनी मोठी भाववाढ केली. ती त्यांना करता आली, हे लक्षात ठेव, सगळ्यांना करता येत नाही.

आमचं युनिट त्या "सगळ्यांत" होतं. समज एक पार्ट १६० रुपयांना देतेस, त्यात क्रूडपासूनच बनणारा प्लॅस्टिकचा दाणा १०० चा, वीज-मजुरी-व्याज ५० आणि नफा १०. दाणा १० टक्के चढला की तो ११० झाला आणि नफा शून्य, बाकी काहीही न बिघडता. गाड्या बनवणारा बडा गिऱ्हाईक भाव तिमाहीनंतर, मागच्या तिमाहीची सरासरी बघून वाढवून देतो, तेही करारात तसं कलम असेल तर. तोपर्यंत फरक आपल्या खिशातून. ते कलम हवंच म्हणून मी मालकांशी भांडलो, मीटिंगमध्ये अडून बसलो, मला हेकट म्हणाले, ऑर्डर जाईल म्हणाले. कलम नसलेली ऑर्डर म्हणजे क्रूडवर लावलेली पैज आहे, हे माझं तेव्हाचं म्हणणं आजही तसंच आहे आणि कोणी कितीही समजावलं तरी मी ते सोडणार नाही. खंत एवढीच की ज्यांचे पगार त्या फरकात लांबले त्यांना हे कळावं इतकं सोपं करून मी कधी सांगितलं नाही. म्हणून तुला सांगतोय, नीट ऐक.

महागाईतही हेच. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून निघालेलं डिझेल महागलं की ट्रकचं भाडं वाढतं. लासलगावला कांद्याचा भाव आवकेवर ठरतो, भाडं वाढलं म्हणून लिलावात कोणी जास्त बोली लावत नाही, उलट लांबच्या बाजारात माल पाठवणारा व्यापारी ते भाडं धरून कमीच बोलतो. म्हणजे फरकाचा एक तुकडा शेतकऱ्याच्या खिशातून गेला आणि एक तुकडा दिल्ली-कोलकात्याच्या गिऱ्हाईकाच्या. असे तुकडे साबण, बिस्किट, टायर सगळ्यात साचत जातात आणि मग रिझर्व्ह बँक जागी होते. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर होती, ४ मे ला ठरलेल्या बैठकीची वाट न बघता तिनं रेपो, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ४.४० केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. व्याज वाढलं की ज्या कंपनीत तेलाचा थेंब लागत नाही तिचाही शेअर दबतो, कारण उद्याच्या नफ्याची आजची किंमत कमी होते.

आणि क्रूड का पडलं ते विचारलंस का? २००८ मध्ये जुलैत १४७ डॉलर होतं, डिसेंबरमध्ये ४० च्याही खाली. त्या काळात आपला शेअर बाजारही आपटला, कारण तेल पडलं ते जगाची मागणीच आटली म्हणून. पुरवठा वाढून पडलेलं तेल आपल्याला फायद्याचं, मागणी मरून पडलेलं तेल म्हणजे रंगसुद्धा कमी खपणार. हे ओळखायचं असेल तर तांबं बघ, तेलाबरोबर तांबंही पडत असेल तर सावध हो, एकटं तेल पडत असेल तर गोष्ट बहुतेक पुरवठ्याची असते.

आता शेअर विकायची घाई नको, अजून घ्यायचीही नको. कंपनीच्या वार्षिक अहवालात दोन आकडे शोध, विक्रीच्या किती टक्के कच्चा माल आणि किती दिवसांचा साठा. मग मागच्या दोन वर्षांत त्यांनी डब्याची किंमत कधी वाढवली आणि कधी उतरवली, त्या तारखा काढ. समोर नवा स्पर्धक उतरून स्वस्त विकत असेल तर कच्च्या मालातली बचत डिस्काउंटमध्येच जाते, तेही बघ. रविवारी ये घरी, कागद घेऊन ये, मोबाईलवरचा चार्ट नको. आलीस की मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.

काका
नाशिक