बिटलॉकरचा पासवर्ड विसरलाय, डायरीतली रिकव्हरी की चालत नाही: काय शक्य आहे?

प्रश्न: बाबांच्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कला बिटलॉकर लावलंय. पासवर्ड त्यांना आठवत नाही. रिकव्हरी की डायरीत हाताने लिहिलेली आहे, पण ती चुकीची दाखवतंय. ठाण्यात कुणी उघडून देईल का?

उत्तर: वाशीत डेटा रिकव्हरीचं काम करते, म्हणून स्पष्ट सांगते. ती डायरी हातात असेल तर डिस्क उघडण्याची बरीच आशा आहे, आणि त्यातलं बहुतेक काम तुम्ही घरीच करू शकाल. फक्त विंडोजने कितीही वेळा विचारलं तरी फॉरमॅट करू नका. चुकीचा पासवर्ड कितीही वेळा टाकला तरी अशी डिस्क स्वतःहून काही पुसत नाही, त्यामुळे घाई नाही.

आधी एक सोपी गोष्ट. बाबांनी ही डिस्क ज्या ज्या कॉम्प्युटरला लावली असेल, तिथे पुन्हा लावून बघा, अगदी माळ्यावर टाकलेला जुना लॅपटॉपसुद्धा. कधीकाळी तिथे 'या कॉम्प्युटरवर आपोआप उघड' असं टिक केलेलं असेल, तर डिस्क न विचारता उघडते. उघडली की ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा (E: च्या जागी तुमच्या डिस्कचं अक्षर):

```
manage-bde -protectors -get E:
```

पूर्ण रिकव्हरी की समोर येते. बाबांचं मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर aka.ms/myrecoverykey इथेही बघा. शिवाय डॉक्युमेंट्समध्ये आणि ईमेलमध्ये 'BitLocker Recovery Key' हे नाव शोधा.

आता डायरी. ही की म्हणजे सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जायलाच हवा. की बनतानाच तशी बनते. त्यामुळे कॅल्क्युलेटर घेऊन एकेक गट भागत जा, चुकलेला गट बहुधा सापडेल. (एकाच गटात दोन चुका असतील तर क्वचित भाग जातोही.)

आपल्या ज्येष्ठांच्या डायऱ्यांमध्ये एक चूक मी वारंवार बघते. लिहिताना हात मध्येच मराठी आकड्यांवर जातो. मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी 4 सारखा. समजा तुम्ही एक गट 343797 असा वाचलात. ११ ने भागलं तर बाकी उरते. पाचवा आकडा मराठी १ असेल असं धरून 343717 करा: ११ गुणिले ३१२४७, बरोबर भाग गेला. तोच खरा गट असणार. शंका एकाच आकड्याची असेल तर ११ चा नियम तो आकडा ठरवूनच देतो.

पाणी लागून अख्खा गट पुसला असेल तर? एका गटात ६५,५३६ शक्यता असतात, कारण त्याला ११ ने भागल्यावर ० ते ६५,५३५ यांतलाच आकडा येतो. बिटलॉकर प्रत्येक अंदाज तपासायला मुद्दाम दहा लाखांवर वेळा हॅश नावाचं गणित फिरवतो. त्यामुळे चांगल्या ग्राफिक्स कार्डवरही सेकंदाला हजारेक अंदाज धरून चला. म्हणजे एक गट गेला असेल तर मिनिटभराचं काम. दोन गट गेले तर सुमारे ५० दिवस, हेही होण्यासारखं आहे. तीन गट गेले तर सुमारे नऊ हजार वर्षं. तिथे थांबायचं, पैसे घालवायचे नाहीत.

पासवर्डचंही तसंच. 'नातीचं नाव, पुढे साल, शेवटी एखादं चिन्ह' एवढं बाबांना आठवत असेल, तर नावाची सोळा स्पेलिंग्ज, सालाची एकशेदहा रूपं आणि सहा चिन्हं धरली तरी साडेदहा हजार शक्यता होतात, दहा-अकरा सेकंदांचं काम. काहीच आठवत नसेल आणि पासवर्ड लहानमोठी अक्षरं आणि आकडे मिसळून आठ अक्षरांचा असेल, तर सात हजार वर्षांच्या घरात जातं. म्हणून बाबांशी निवांत बसा. ते बँकेला, जीमेलला काय ठेवायचे, कॅपिटल कुठे टाकायचे, हे सगळं लिहून काढा.

स्टेशनजवळच्या दुकानात कुणी 'चिप काढून डेटा देतो' म्हणालं तर देऊ नका. चिपमधूनही तोच कुलूपबंद डेटा निघतो. खरं काम करणारा आधी तुम्हाला काय आठवतंय तेच विचारेल. आणि त्याला डिस्कमधला डेटाही लागत नाही: `bitlocker2john` या प्रोग्रामने तिच्यातून काढलेल्या हॅशच्या काही ओळी पुरतात, त्या घरच्या फाइल्स न दाखवताही देता येतात.