शाळेच्या जिन्यापासून आर्किटेक्चरपर्यंत

प्रश्न: आमच्या शाळेत एका आर्किटेक्टचे व्याख्यान आहे. आर्किटेक्ट नेमके काय करतात आणि त्यासाठी काय शिकावे लागते?

उत्तर: मी स्वतः आर्किटेक्ट आहे, आणि शाळेत बोलायला गेलो की भव्य इमारतींची छायाचित्रे दाखवण्याऐवजी मुलांना त्यांच्याच शाळेचा जिना मोजायला लावतो. दोन मजल्यांतील अंतर 3 मीटर आणि पायरीची उंची 15 सेंटिमीटर धरली, तर 20 चढ होतात. शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावर नेत असल्याने 30 सेंटिमीटर रुंदीच्या 19 पायऱ्या लागतात, म्हणजे सरळ जिन्याला 5.7 मीटर लांबी हवी. तेवढी जागा नसेल, तर मध्ये लँडिंग देऊन जिना वळवावा लागतो, आणि मग खिडकी, तुळई व डोक्यावरची मोकळी उंची यांचा विचार नव्याने करावा लागतो. तुळईची ताकद स्ट्रक्चरल इंजिनीअर ठरवतो; या सगळ्याचा मेळ घालणे हे आमचे काम.

शिक्षणाचा मार्ग सरळ आहे: बारावीला भौतिकशास्त्र व गणित, मग ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनमधील आर्किटेक्चरचा पेपर, त्यानंतर पाच वर्षांचे बी.आर्क. मात्र काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्याशिवाय, 1972 च्या कायद्यानुसार, स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून व्यवसाय करता येत नाही.