काळ्या पट्टीखालून वाचलेलं नाव

"मुलाच्या कपड्यावरची नावाची पट्टी फोनमध्येच काळी करून फोटो टाकला होता. तरी एका अनोळखी माणसाने खाली त्याचं नाव लिहिलं. रात्रभर झोप नाही. फोटो टाकणंच बंद करू का?"

या ताई आल्या तेव्हा आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय, अशी त्यांची खात्री झाली होती. (ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत.) भीतीबद्दल बोलण्याआधी मी तो फोटो मागितला. ब्राइटनेस आणि एक्स्पोजर शेवटपर्यंत वाढवलं, तशी काळ्या पट्टीतून अक्षरं वर आली. त्यांनी फोनमधल्या पेनऐवजी तिथलाच हायलायटर वापरला होता. हायलायटरचा रंग पारदर्शक असतो. त्याचे चार-पाच हात फिरवले की डोळ्यांना सगळं काळं दिसतं, पण अक्षर आणि कापड यांच्या छटांमधला फरक फोटोत उरतोच. नाव कसं कळलं असेल, हे समोर दिसल्यावर त्यांचा श्वास जरा खाली बसला.

तो फोटो आम्ही लगेच काढून टाकला. ज्यांनी आधीच उतरवून घेतला असेल त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं. म्हणून मुलाशी बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं: नावाने हाक मारणारा प्रत्येक जण ओळखीचा असतोच असं नाही. आई त्याला हे घाबरवून न सांगता सहज सांगू शकली.

मग मूळ फोटो पुन्हा उघडला. नावाच्या पट्टीवर पूर्ण भरलेला, अपारदर्शक चौकोन ठेवला. मागे उभ्या गाडीची नंबरप्लेट त्यांनी आधी नुसती धूसर केली होती. तिथेही चौकोनच लावला. प्लेटवरची अक्षरं मोजकी आणि ठरावीक साच्यातली असतात. त्यामुळे एकेक शक्यता तशीच धूसर करून ताडून पाहिली, तर खरा नंबर सापडू शकतो. दाराशेजारचा घर क्रमांक कडेला होता, तेवढा भाग कापला. मुलाच्या पाण्याच्या बाटलीवरही नाव होतं, तेही झाकलं. ते त्यांच्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं, आणि असं फार जणांचं होतं.

शेवटी तयार फोटोचा स्क्रीनशॉट घेतला. काही अ‍ॅप बदलांच्या खाली मूळ फोटो जपून ठेवतात आणि फाइल तशीच पाठवली तर समोरच्याला बदल मागे घेता येऊ शकतात. स्क्रीनशॉटमध्ये फक्त पडद्यावर दिसतं तेवढंच येतं, फोटोत नोंदलेलं ठिकाणही येत नाही. त्या स्क्रीनशॉटवर पुन्हा ब्राइटनेस वाढवून पाहिला. चौकोन काळाच राहिला.

फोटो बंद करायची गरज नव्हती. मात्र नवा फोटो त्यांनी सगळ्यांसाठी खुला न ठेवता नातेवाइकांपुरता ठेवला. तो निर्णय त्यांचा होता आणि मला तो पटला.