क्वाटर्नियन लावले, तरी कॅमेरा का अडकतो?

प्रश्न: फ्री-फ्लाय कॅमेऱ्यासाठी क्वाटर्नियन वापरले, तरी सरळ खाली बघताना जिम्बल लॉक येतोच. ऑयलरवरून क्वाटर्नियन करायचं बरोबर सूत्र कोणतं?

उत्तर: सूत्र सोडा. तुम्ही यॉ, पिच, रोल हे तीन आकडे साठवून दर फ्रेमला त्यांचं क्वाटर्नियन करताय. लॉक त्या तीन आकड्यांतच आहे, क्वाटर्नियन तो फक्त पुढे नेतं.

यावरून माझं नोकरीत कडाक्याचं भांडण झालंय. आम्ही ड्रोन सिम्युलेटर करत होतो. कॅमेरा थेट खाली, शेताच्या बांधावर. यॉची स्टिक डावीकडे ढकलली की नजर डावीकडच्या शेताकडे उचलली जायला हवी होती. त्याऐवजी बांध पडद्यावर जागच्या जागी गरगर फिरला. रोलची स्टिक ढकलली, तरी हुबेहूब तेच. पिच उणे ९० झाला की रोलचा अक्ष यॉच्या उभ्या अक्षावर जाऊन बसतो, म्हणजे दोन स्टिकांना काम एकच उरतं.

आमचे सीनिअर म्हणाले, "पिच ८९ वर अडव, विषय संपला." मी ८९ वर मोजून दाखवलं. यॉ १० अंश दिला तर नजरेची दिशा जेमतेम ०.१७ अंश हलते (१० × cos ८९°), बाकी नुसतं चित्र फिरतं. मग त्यांनी तुमच्यासारखंच क्वाटर्नियन लावलं, कोन तसेच ठेवून, आणि जाहीर केलं की क्वाटर्नियनने काही होत नाही. ते तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे.

कोन साठवूच नका. क्वाटर्नियन हीच कॅमेऱ्याची स्थिती. दर फ्रेमला त्या फ्रेमपुरतं छोटं वळण त्याला उजवीकडून गुणा:

```cpp
q = glm::normalize(q * glm::angleAxis(a, glm::vec3(0, 1, 0)));
```

पिचला `(1, 0, 0)`, रोलला `(0, 0, 1)`. `normalize` हवंच, नाहीतर हजारो गुणाकारांत लांबी १ वरून सरकते आणि चित्र ताणल्यासारखं दिसू लागतं.

गुणाकाराचा क्रम मात्र उलटा पडू देऊ नका. छोटं वळण डावीकडे लिहिलं की ते जगाच्या उभ्या अक्षाभोवती होतं, आणि खाली बघताना बांध पुन्हा जागीच फिरतो. दिसायला अगदी जिम्बल लॉक, पण तो नसतो. मी यात पूर्ण दुपार घालवली आहे. सेव्ह फाइलमध्येही चारही आकडे ठेवा. कोन काढून, त्यात भर घालून परत लिहिलेत की आजार परत आला.

हे सगळं खऱ्या मुक्त उड्डाणासाठी, म्हणजे ड्रोन, विमान, अंतराळयान. या पद्धतीत माउस गोल गोल फिरवला की क्षितिज हळूहळू कलतं, आणि ते गणिताने बरोबरच आहे. जमिनीवर चालणाऱ्या खेळाडूला कललेलं क्षितिज नको असतं. तिथे यॉ, पिच आणि ८९ ची मर्यादा हेच योग्य, एवढं सीनिअरांचं मला मान्य आहे. पण आम्ही ड्रोन करत होतो.