विषम म्हणजे असममित नव्हे

प्रश्न: क्वांटम यांत्रिकीच्या मराठी टिपणात ‘सम अवस्था’ आणि ‘विषम अवस्था’ असे शब्द आले आहेत. विषम म्हणजे सममिती नसलेली अवस्था समजायची का? आणि पॅरिटीला ‘समता’ म्हणावे का?

नाही, असे मुळीच समजू नये. ‘विषम म्हणजे असममित’ हे समीकरण मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत, शिकवणीच्या टिपणांत आणि छापील पुस्तकांतही इतक्यांदा पाहिले आहे की आता त्याची चीड येते. कारण ही चूक केवळ शब्दाची राहत नाही, पुढचे सगळे गणित ती बिघडवते. विषम हवामान, विषम परिस्थिती हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते सोडून थेट शब्दाच्या घडणीकडे जातो.

‘विषम’ हा ‘वि’ आणि ‘सम’ यांचा शब्द आहे. विषाशी त्याचा काही संबंध नाही. ‘सम’मधल्या ‘स’चा ‘ष’ कसा झाला, याला पाणिनीचे स्वतंत्र सूत्र आहे: ‘सुविनिर्दुर्भ्यः सुपिसूतिसमाः’. सु, वि, निर् आणि दुर् या उपसर्गांपुढे ‘सम’ आला की त्याचा ‘स’ मूर्धन्य होतो. म्हणजे ज्या सूत्राने ‘विषम’ झाला त्याच सूत्राने ‘सुषम’ झाला आणि त्यातून आपली ‘सुषमा’ आली. सौंदर्याचा अर्थ असलेली सुषमा आणि पाढ्यातली विषम संख्या या सख्ख्या बहिणी आहेत, हे मला पहिल्यांदा कळले तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

आता मतभेदाचा मुद्दा. संस्कृत पद्धतीने विग्रह करणारे बहुतेक जण येथे ‘वि’चा अर्थ ‘विगत’, म्हणजे ‘नाहीसा झालेला’ असा घेतात आणि ‘ज्यात समपणा उरला नाही ते विषम’ असे सांगतात. मला हे मान्य नाही. अभावच सांगायचा असता तर ‘असम’ हा शब्द हाताशी होताच. ‘विभाग’, ‘वियोग’, ‘विलग’ यांतला ‘वि’ अभाव सांगत नाही, तो दोन बाजूंना फाकणे सांगतो, आणि ‘विषम’मधला ‘वि’ही तोच आहे, असे माझे मत आहे. दोन बाजू आकाराने तंतोतंत सारख्या, पण एकमेकींपासून उलट दिशांना गेलेल्या: गणितातल्या विषम फलनाचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. फलनांना हे नाव ऑयलरने घातांकांवरून दिले हे मला माहीत आहे. x², x⁴ यांसारख्या सम घातांची फलने सम आणि x, x³ यांसारखी विषम. तरीही मराठीला मिळालेला शब्द मूळ लॅटिन शब्दापेक्षा अधिक काही सांगून जातो, एवढे मी ठामपणे म्हणेन. लॅटिनमध्ये ‘पार’ म्हणजे समान, जुळणारा. त्याचा उलट शब्द ‘इम्पार’, म्हणजे केवळ नकार.

पॅरिटी ऑपरेटर करतो ते काम अगदी साधे आहे. तो अवकाश आरंभबिंदूतून उलटा करतो. एका मितीत x च्या जागी −x घालतो:

Πψ(x) = ψ(−x)

दोनदा उलटले की सगळे पूर्ववत होते, म्हणून Π² = 1. त्यामुळे Π लावल्यावर जे फलन फक्त एका संख्येने गुणले जाऊन परत येते, त्याच्यासाठी ती संख्या +1 किंवा −1 एवढीच असू शकते. +1 आली तर फलन सम आणि −1 आली तर विषम. विषम फलन आरशासमोर स्वतःच परत येते, फक्त चिन्ह बदलून. त्याची सममिती सम फलनाइतकीच काटेकोर असते. असममित म्हणायचेच असेल तर ते eˣ सारख्या फलनाला म्हणावे, जे उलटल्यावर स्वतःच्या कोणत्याच पटीत परत येत नाही.

कणावरील विभव दोन्ही बाजूंना सारखे असेल, म्हणजे V(x) = V(−x), तर ψ(x) हे श्रोडिंगर समीकरणाचे उत्तर असल्यास ψ(−x) हेही त्याच ऊर्जेचे उत्तर असते. एका मितीत बद्ध कणाच्या प्रत्येक ऊर्जेला एकच अवस्था असते, म्हणून ही दोन उत्तरे वेगळी असू शकत नाहीत आणि प्रत्येक आयगेनफलन सम किंवा विषम व्हावेच लागते.

याचा उपयोग कसा होतो, ते −a/2 पासून +a/2 पर्यंत पसरलेल्या, अभेद्य भिंतींच्या पेटीत पाहावे. पहिली अवस्था cos(πx/a), दुसरी sin(2πx/a), तिसरी cos(3πx/a), आणि पुढे अशीच आळीपाळीने. येथे शब्दांचा दुसरा सापळा आहे: n = 1 ही विषम संख्या, पण ती अवस्था सम; n = 2 ही सम संख्या, पण ती अवस्था विषम. हार्मॉनिक ऑसिलेटरमध्ये मोजणी 0 पासून सुरू होत असल्याने सम क्रमांकाची अवस्था समच निघते, आणि तेथे लागलेली सवय पेटीत आणली की सगळे उलटे होते. क्रमांक सम-विषम असणे ही मोजणीची गोष्ट आहे, अवस्था सम-विषम असणे ही आकाराची गोष्ट आहे. मी तर शिकवताना क्रमांकांसाठी खेळातले ‘एकी-बेकी’ वापरतो आणि सम-विषम हे शब्द अवस्थांसाठी राखून ठेवतो. त्यातला ‘बे’ हा ‘द्वे’चा प्राकृत वारसदार, ‘बे एके बे’मधला, त्यामुळे त्याला मोजणीखेरीज दुसरे काही सांगताच येत नाही.

प्रकाश शोषून कण एका अवस्थेतून दुसऱ्या एखाद्या अवस्थेत जाईल का, हे द्विध्रुव संक्रमणात एका संकलनावर ठरते: अंतिम अवस्था, x आणि आरंभीची अवस्था यांच्या गुणाकाराचे संकलन. येथे x स्वतः विषम आहे. पहिली आणि तिसरी अवस्था दोन्ही सम असल्याने सम × विषम × सम हा गुणाकार विषम होतो, डावीकडचे क्षेत्रफळ उजवीकडच्याला पूर्ण खोडून टाकते आणि उत्तर शून्य येते. एकही संकलन प्रत्यक्ष न करता हे सांगता येते. हे खोडणे विषम फलनाच्या काटेकोरपणामुळेच शक्य होते. विषम म्हणजे नुसते वेडेवाकडे असते तर दोन बाजू कधीच अचूक जुळल्या नसत्या. पहिली आणि दुसरी घेतली तर गुणाकार सम होतो आणि उत्तर 16a/(9π²), म्हणजे सुमारे 0.18a येते. नियम असा निघतो की द्विध्रुव संक्रमणात पॅरिटी बदललीच पाहिजे.

पण पॅरिटी परवाना देते, जोर किती ते सांगत नाही. पहिलीतून चौथीत जाण्यास तिची हरकत नाही, तरी ते संकलन सुमारे 0.0144a, म्हणजे आधीच्याच्या 8 टक्के भरते, आणि तीव्रता ठरवताना त्याचा वर्ग येत असल्याने तो घटक 1 टक्क्याहूनही कमी उरतो.

याच पेटीत एक चूक वारंवार दिसते. पुष्कळ पुस्तके पेटी 0 पासून a पर्यंत घेतात, आणि तेथे सगळ्या अवस्था sin(nπx/a) अशा दिसतात. साइन विषम असते एवढे आठवून विद्यार्थी सर्व संक्रमणे निषिद्ध ठरवतो. ती साइन 0 भोवती विषम आहे, पेटी मात्र 0 भोवती सममित नाही. पेटीचा मध्य a/2 आहे आणि सम-विषम तेथून पाहायचे असते. मध्यापासूनच्या अंतराला y म्हटले तर x = a/2 + y; यातला स्थिर भाग दोन वेगळ्या अवस्थांमध्ये शून्यच देतो आणि उरलेला y पुन्हा वरचाच नियम देतो.

वर्णपटाच्या अभ्यासात हा नियम त्याच्या कारणाच्या आधी सापडला. ओटो लापोर्ट यांनी 1924 मध्ये लोखंडाच्या गुंतागुंतीच्या वर्णपटातील पातळ्यांचे दोन गट पाडले आणि रेषा एका गटातून दुसऱ्या गटात जाताना उमटतात, गटातल्या गटात नव्हे, हे दाखवले. अवकाश उलटण्याच्या सममितीतून त्याचे कारण यूजीन विग्नर यांनी 1927 मध्ये दिले. या दोन गटांसाठी रेणूंच्या वर्णपटात आजही g आणि u ही अक्षरे वापरतात. ती जर्मन ‘गेराडे’ आणि ‘उन्गेराडे’ यांची आद्याक्षरे. ‘गेराडे’चा अर्थ ‘सरळ’ असाही होतो, म्हणून कोणी g अवस्थेला ‘सरळ अवस्था’ म्हणतात, ते चूक आहे. सरळ अर्थाचा आणि सम संख्या अर्थाचा ‘गेराडे’ हे मुळात दोन वेगळे शब्द असून कालांतराने एकरूप झाले. सम संख्येच्या शब्दाचे मूळ मोजण्यात आहे.

‘समता’ शब्दाला माझा विरोध एवढ्यासाठीच आहे की ‘या अवस्थेची समता विषम आहे’ असे वाक्य लिहावे लागते आणि वाचणारा अडखळतो. पॅरिटी हाच शब्द ठेवावा.

हायड्रोजनमध्ये अवस्थेची पॅरिटी (−1)ˡ असते; येथे l ही कोनीय संवेगाची पुंजसंख्या, s साठी 0, p साठी 1 आणि f साठी 3. 2p विषम आणि 1s सम, म्हणून 2p मधला इलेक्ट्रॉन सुमारे 1.6 नॅनोसेकंदांत 121.6 नॅनोमीटरचा प्रकाश सोडून खाली येतो. 2s आणि 1s दोन्ही सम आहेत. ही वाट बंद असल्याने 2s ला मुख्यतः एकाच वेळी दोन फोटॉन सोडावे लागतात आणि तिचे आयुष्य सुमारे 0.12 सेकंद होते. मात्र 4f मधून 1s मध्ये पॅरिटी बदलूनही द्विध्रुव संक्रमण होत नाही, कारण l चा फरक 1 असावा ही अट पॅरिटीहून कडक आहे. आणि बाहेरून विद्युतक्षेत्र लावले की दोन बाजू सारख्या राहत नाहीत, 2s मध्ये थोडी 2p मिसळते आणि ती अवस्था सम राहत नाही, विषमही होत नाही. तिला खुशाल असममित म्हणावे. तिचे आयुष्य तेथेच झपाट्याने घटते, कारण मिसळलेल्या 2p मुळे एका फोटॉनची वाट तिला मोकळी होते.