गावच्या सप्ताहातलं दोन तासांचं मराठी कीर्तन अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी इंग्रजीत थोडक्यात कसं लिहावं? देवाधर्माचे शब्दही चुकायला नकोत.

हा प्रश्न वाचून राहवलंच नाही, कारण आमच्या घरात याच गोष्टीवरून माझं आणि धाकट्या दिरांचं चांगलंच वाजलं होतं.

आमचं गाव पारोळा तालुक्यात. थंडीत कपाशीची वेचणी उरकली की हरिनाम सप्ताह बसतो. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिची मुलगी तिथलीच जन्माची, मराठी समजतं थोडंफार पण दोन तास कीर्तन ऐकणं तिला झेपत नाही. म्हणून फॅमिली ग्रुपवर रोज रात्रीच्या कीर्तनाचं इंग्रजीत सार टाकायचं ठरलं आणि ते काम भाऊजींनी घेतलं. भाऊजी इंजिनीअर, इंग्रजी फर्डं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

त्या रात्री महाराजांनी मुक्ताबाईंचा ताटीचा अभंग घेतला होता. खान्देशात मुक्ताई म्हणजे घरचीच, तापीकाठी मेहूणला ती गुप्त झाली, शके १२१९, त्यामुळे मंडप गच्च भरलेला. प्रसंग तुम्हाला माहीतच असणार, लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून बसतात आणि धाकटी बहीण बाहेरून विनवते. चरण असे:

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागे झाले वन्ही । संते सुखे व्हावे पाणी ॥
शब्द शस्त्रे झाले क्लेश । संती मानावा उपदेश ॥
विश्वपट ब्रह्म दोरा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥

सकाळी भाऊजींचं सार ग्रुपवर आलं, पाच-सहा ओळी. योग्याचं मन शुद्ध असतं, लोकांची ‘सिक्स सिन्स’ त्याने माफ करावीत, कोणी रागावलं तर आपण शांत राहावं, झालं गेलं विसरावं, आणि मग महाराजांनी सांगितलेली सासू-सुनेची गोष्ट मात्र सगळीच्या सगळी. दुपारी भाचीचा फोन. तिला ऑफिसात एका वरिष्ठाने बराच त्रास दिला होता आणि तिने रीतसर तक्रार केली होती, ते आम्हाला घरात माहीत होतं. ती म्हणाली, “मामी, म्हणजे मुक्ताबाईसुद्धा हेच म्हणते का, की गप्प बसा आणि सहन करा?” बाजूला जिजी, म्हणजे आमच्या सासूबाई, निवडण घेऊन बसल्या होत्या, त्या एकदम म्हणाल्या, “महाराज असं बोलनाच नहीत.” आणि खरंच नव्हते बोलले.

मी रेकॉर्डिंग लावून बसले. मोबाईल मंडपाच्या बांबूला मृदंगाजवळ बांधलेला, त्यामुळे चरण म्हणताना अर्धे शब्द मृदंगातच बुडालेले. ‘सिक्स’ कुठून आलं ते तिथे कळलं. साही म्हणजे सहाही असा अर्थ भाऊजींनी घेतला आणि षड्रिपू सहा असतात म्हणून तो त्यांना पटलाही. इथे साही म्हणजे सहन करी. म्हणून पहिलं सांगणं हे की अभंगाचे चरण कानाने उतरवू नका, छापील गाथेतून घ्या आणि मग रेकॉर्डिंग ऐका. दोन तासांतला बराच वेळ चाल, गजर आणि विठ्ठल विठ्ठल यात जातो, मात्र महाराज जिथे नवा चरण गातात आणि मागचे टाळकरी तो झेलतात तिथे एक भाग संपून दुसरा सुरू होतो. त्या जागांच्या वेळा कागदावर लिहा. साराचे तुकडे त्या वेळांवरच पाडायचे, स्वतःच्या मनाने नाही.

पण खरी चूक पुढे होती. पहिला चरण झाल्यावर महाराजांनी शंका घेतली होती. घेतली म्हणजे अगदी वकिलासारखी मांडली. ज्यांनी या पोरांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यायला लावलं, पोरांना वाळीत टाकलं, त्यांच्यापुढे परत जायचं? राग आला तर त्यात ज्ञानोबांचं काय चुकलं? ताटी लावून घेणं हा त्यांचा हक्क नाही का? बरीच मिनिटं हे चाललं, मंडपात चिडीचूप. भाऊजींनी हा सगळा भाग गाळला. विचारलं तर म्हणाले, “वहिनी, ते निगेटिव्ह होतं, पोरांपर्यंत पॉझिटिव्ह पोचलं पाहिजे.”

माझं स्पष्ट मत आहे, कीर्तनातून शंका काढली की उरतं ते सुविचाराचं कॅलेंडर. महाराज बोलतात ते सगळं त्या शंकेचं उत्तर असतं. प्रश्नच दिला नाही तर उत्तर उपदेशासारखं डोक्यावर येतं आणि आमच्या भाचीला लागलं तसं लागतं. याची उलटी चूकही होते बरं का, शंका ठेवायची पण ती शंका आहे हे न सांगता, मग वाचणाऱ्याला वाटतं महाराजांचंच हे म्हणणं. ओळखायची खूण सोपी आहे. ‘कोणी म्हणेल’, ‘तुम्ही विचाराल’, ‘मग महाराज, असं असेल तर...’ असं आलं की शंका सुरू, आणि ‘ऐका’ किंवा ‘नाही, तसं नाही’ म्हणून आवाज खाली आला की उत्तर सुरू. इंग्रजीत तिथे सरळ लिहायचं की इथे महाराज ऐकणाऱ्याच्या बाजूने हरकत घेतात, आणि पुढच्या परिच्छेदात, आता ते तिला उत्तर देतात.

आता उत्तर काय होतं ते बघा. महाराज म्हणाले, मुक्ताई लोकांच्या वागण्याला अपराध म्हणते. लोकांचं चुकलं नाही असं ती म्हणतच नाही. आधी अपराध म्हटलं, मग सहन करायचं. दुसऱ्या चरणावर म्हणाले की पाणी काही विस्तवापुढे मान खाली घालत नाही, ते विस्तव विझवतं. आणि शेवटच्या चरणाला सगळ्यात जास्त वेळ दिला. विश्व हे वस्त्र आणि ब्रह्म हा त्यातला दोरा, बोलणारा आणि ज्याला लागलं तो, दोघंही एकाच दोऱ्याचे, मग ताटी कोणापासून लावायची? क्षमेचं कारण हे आहे. भाऊजींच्या सारात या चरणाचा पत्ताच नाही, फार फिलॉसॉफिकल वाटलं म्हणे. कारण गाळलं की मागे राहते ती नुसती सोशिकता, आणि सोशिकता मुलींना आपण तशीही कमी शिकवत नाही.

मी नवीन सार लिहिलं, साधारण दीड पान. आधी दोन ओळीत प्रसंग, मग अभंग रोमन लिपीत आणि खाली साधा अर्थ, मग शंका, मग चरणाचरणाने उत्तर, सासू-सुनेची गोष्ट एका वाक्यात. दृष्टांत मंडपात हशा पिकवतो पण कागदावर त्याचं काम फक्त तो कशासाठी दिला एवढंच सांगायचं.

देवाधर्माच्या शब्दांचं म्हणाल तर भाऊजींचं आणि माझं खरं भांडण तिथेच. त्यांचं म्हणणं, तिथल्या पोरांना तिथलेच शब्द द्या. मी म्हणते मूळ शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य जोडा, त्यात लोक प्रत्यक्ष काय करतात ते सांगा. नामस्मरणाला ‘प्रेयर’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं देवाकडे काहीतरी मागणं चाललंय, त्यापेक्षा नामस्मरण म्हणजे विठ्ठलाचं नाव पुन्हा पुन्हा घेणं, एवढं पुरतं. ‘सिन’ म्हटलं की चर्चमधलं पाप समोर येतं, इथला अपराध माणसाने माणसाचा केलेला आहे. मूर्तीला ‘आयडल’ तर लिहूच नका, आपल्याकडे पेपरात लिहितात पण तिकडे त्या शब्दाला खोट्या देवाचा वास आहे. आणि ब्रह्म रोमनमध्ये लिहिताना शेवटी एन लावा, नाहीतर चार तोंडांचे ब्रह्मदेव दोरा होऊन बसतात. सगळेच शब्द मराठीत ठेवायचे असंही नाही, टाळ-मृदंगाला झांजा-ढोलकीसारखं काही लिहिलं तरी कोणाचं बिघडत नाही. ज्या शब्दावर महाराजांचं म्हणणं उभं आहे तो ठेवा, एका कीर्तनात असे चार-पाच निघतात.

कोण बोलतंय हेही दर वाक्याला लिहा. ‘माउली म्हणतात’ म्हणजे ज्ञानेश्वर, पण ‘काय माउली?’ म्हणजे समोर बसलेले श्रोते. भाऊजींनी एके ठिकाणी ‘मदर सेज’ लिहिलं होतं आणि भाचीला वाटलं मुक्ताईची आई बोलतेय. मधे महाराज तुकोबांचं प्रमाण देतात, ते मुक्ताईच्या नावावर घालू नका, दोघांत तीनशेहून जास्त वर्षं आहेत. शेवटी लग्नातला खर्च, पोरांची व्यसनं यावर जे बोलतात ते महाराजांचं स्वतःचं, गावासाठीचं. ते वेगळ्या ओळीत टाका, नाहीतर अभंगाचा अर्थ म्हणून जातं.

भाचीने नवीन सार वाचून परत फोन केला, जिजींशी बराच वेळ बोलली, आणि तक्रार मागे घ्यायची नाही हे तिने मुक्ताईचाच आधार देऊन सांगितलं. भाऊजी अजून म्हणतात दीड पान कोण वाचतं. ज्याला वाचायचं त्याने वाचलं, एवढंच माझं म्हणणं.

एक राहिलं, हे सगळं एका अभंगावरच्या वारकरी कीर्तनासाठी आहे. नारदीय असेल तर पूर्वरंगात विषय आणि उत्तररंगात आख्यान अशी दोनच मोठी खणं पाडा, तिथे कथा एका वाक्यात आवरली तर चालत नाही, तीच अर्धं कीर्तन असते. आणि शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन असेल तर त्यात कृष्णाच्या गोकुळातल्या लीला असतात, तिथे शंका-उत्तर शोधत बसू नका, लीला क्रमाने सांगा आणि काला म्हणजे दही-लाह्यांचा प्रसाद सगळ्यांनी एकत्र खाणं हे आधीच लिहून टाका. अर्थाबद्दल कुठे अडलात तर सप्ताह संपायच्या आत महाराजांनाच गाठा, सकाळी काकड्यानंतर ते बहुतेक मोकळे असतात.